दिवसभराची मीटिंग एकाच विषयात संपते, अजेंडा कसा पाठवावा?

प्रश्न: आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, घरचीच. दर तीन महिन्यांनी दिवसभराची मीटिंग असते. बाबा, काका, मी, चुलतभाऊ, मेल्टिंग, मोल्डिंग आणि मेंटेनन्सचे प्रमुख आणि अकाउंट्सचे साहेब असे आठजण. अजेंडा मी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकतो, आठ विषय असतात. तरी नव्या फर्नेसच्या विषयातच दुपार होते, बाकीचे विषय राहतात आणि फर्नेसचाही निर्णय होत नाही. सलग दोन मीटिंगा अशा गेल्या. अजेंडा कसा करावा म्हणजे लोक विषयावर राहतील?

उत्तर:

तुमच्या अजेंड्यात तो विषय बहुधा ‘नवीन फर्नेस’ एवढाच लिहिलेला असणार. त्या दोन शब्दांतून आठजण आठ वेगवेगळ्या मीटिंगा घेऊन येतात. मेल्टिंगवाल्यांना वाटतं आज कोणत्या कंपनीची घ्यायची ते ठरणार. काका कर्ज काढायचं की नाही या विचारात असतात. मेंटेनन्सवाल्यांच्या डोक्यात ट्रान्सफॉर्मर असतो. मोल्डिंगवाले मनात म्हणत असतात की आधी आमच्या लाइनचं बघा. चौघेही विषयालाच धरून बोलत असतात, फक्त प्रत्येकाचा विषय वेगळा असतो. म्हणून मीटिंगमध्ये ‘विषयावर या’ असं कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. काम आधीच्या दहा दिवसांत करायचं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. उत्तर दिलं की निर्णय झाला, असा प्रश्न हवा. ‘नवीन फर्नेस’ऐवजी: ‘मेल्टिंग वाढवण्यासाठी या तिमाहीत नव्या फर्नेसची ऑर्डर द्यायची का? द्यायची तर स्वतंत्र पॅनेलसह, की आहे त्या पॅनेलवर दुसरा क्रूसिबल?’ त्याखाली अजून तीन ओळी लिहा. मीटिंगमधून काय अपेक्षित आहे, निर्णय, मत की फक्त माहिती? निर्णय असेल तर अंतिम शब्द कोणाचा? आणि वेळ किती?

यातली दुसरी ओळ घरच्या कंपनीत सगळ्यात अवघड असते आणि तीच टाळली जाते. बाबा आणि काका दोघेही संचालक आहेत, दोघांची संमती लागणार, हे सगळ्यांना माहीत असतं; पण कागदावर नसल्यामुळे खातेप्रमुख एकमेकांना पटवण्यात तास घालवतात आणि ज्यांना पटायला हवं ते गप्प बसून ऐकतात. अजेंडा छापण्याआधी दोघांना वेगवेगळं भेटून विचारा, ‘हा निर्णय तुम्ही दोघं मिळून घेणार ना? त्याच दिवशी घेणार का? घ्यायला काय लागेल?’ काकांनी ‘बँकेचा हप्ता किती बसतो ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही’ असं सांगितलं, तर तो आकडा टिपणीत आलाच पाहिजे. तो नसेल तर त्या दिवशी निर्णय होणार नाही हे तुम्हाला आजच कळलं, मग तो विषय निर्णयासाठी ठेवूच नका.

आठ विषयांची वाटणी याच भेटींत होते. साधारण दहा दिवस आधी प्रत्येक खातेप्रमुखाला एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं कोणतं काम दुसऱ्या कोणाच्या होकारासाठी अडलं आहे?’ ज्याचं उत्तर येतं तो निर्णयाचा विषय. मागच्या तिमाहीचं उत्पादन, वसुलीची यादी, ऑडिटची तयारी ही माहिती आहे. ती कागदावर द्या आणि कोणाला शंका असेल तरच मीटिंगमध्ये पाच मिनिटं ठेवा. तुमच्या आठांपैकी तीन निर्णयाचे, दोन मत घेण्याचे आणि तीन माहितीचे निघाले तर ती चांगली वाटणी समजा. दिवसभरात तीन मोठे निर्णय नीट झाले तर पुष्कळ झालं. पाच ठेवले तर शेवटचे दोन थकलेली माणसं घेतात.

आता टिपणी. सहकारी संस्थांच्या सभेत प्रत्येक विषयासोबत कार्यालयीन टिपणी जोडायची पद्धत आहे. तीच पद्धत कारखान्यात आणायची, फक्त भाषा शॉपफ्लोअरची ठेवायची. एका निर्णयाला एक टिपणी, ए-फोर कागदाच्या दोन बाजू, त्याहून जास्त नाही. कोटेशन, ड्रॉइंग, बँकेचे कागद मागे जोडा. ज्यांना पाहायचे ते पाहतील. पण निर्णयाला लागणारा एकही आकडा फक्त मागच्या कागदात राहता कामा नये.

फर्नेसचीच टिपणी कशी तयार होते ते सविस्तर सांगतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

मेल्टिंगप्रमुख म्हणतात मेटल कमी पडतं. मोल्डिंगप्रमुख म्हणतात मेटल तयार होऊन आमची वाट बघत असतं. मीटिंगमध्ये हा वाद सुटत नाही, कारण दोघेही खरं बोलत असतात, वेगवेगळ्या दिवसांबद्दल. म्हणून टिपणी लिहिण्याआधी मागच्या एका महिन्याची शिफ्टची लॉगबुकं काढा आणि दोनच रकाने भरा: मोल्ड तयार होते पण मेटल नव्हतं ते तास, आणि मेटल तयार होतं पण मोल्ड नव्हते ते तास. लॉगबुकात ही नोंद नसेल तर पुढचे दोन आठवडे सुपरवायझरला ती करायला सांगा आणि फर्नेसचा विषय तेवढा पुढे ढकला. नोंद नसताना चर्चा केली तर मागच्या दोन मीटिंगांत झालं तेच होईल.

समजा महिन्यात २५ दिवस, दोन शिफ्ट, म्हणजे ४०० तास काम झालं. त्यात मेटलसाठी थांबलेले तास ४१ निघाले आणि मोल्डसाठी थांबलेले २६. वरवर पाहिलं तर मेल्टिंगवाल्यांची बाजू जिंकली. पण ४१ तासांच्या कारणांत उतरलात तर दिसेल की १७ तास लायनिंगच्या कामात गेले: ऐन शिफ्टमध्ये पॅचिंग, नव्या लायनिंगचं सिंटरिंग, त्यानंतरची सावकाश पहिली हीट. म्हणजे फर्नेसची क्षमताच अपुरी पडली म्हणून गेलेले तास २४, महिन्याच्या ६ टक्के. शिवाय मोल्डची वाट बघत मेटल धरून ठेवलेले २६ तासही फुकटात पडत नाहीत. त्या वेळात वीज जळते, लायनिंग झिजतं, कार्बन-सिलिकॉन हलतं आणि पुन्हा करेक्शन करावं लागतं. म्हणजे लायनिंगचे काही तास या वाट बघण्यातूनच आलेले असू शकतात.

इथे प्रश्नच बदलला, हे लक्षात घ्या. ‘कोणती फर्नेस घ्यायची’ याऐवजी खरा प्रश्न असा झाला: ‘आता ऑर्डर द्यायची, की लायनिंगचं काम सुट्टीच्या दिवशी नेऊन आणि मोल्डिंगचा रोजचा प्लॅन मेल्टिंगशी जुळवून तीन महिन्यांनी पुन्हा आकडे पाहायचे?’ हा प्रश्न टिपणी लिहिताना समोर आला. मीटिंगमध्ये तो दुपारी दोन वाजता आला असता आणि तोवर सगळे आपापल्या बाजूला घट्ट झाले असते. टिपणीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. लोकांनी ती आधी वाचणं ही पुढची गोष्ट. ती लिहिताना काय कळत नाही ते आधी उघडं पडतं.

मग पर्याय मांडायचे. तीन पुरेत: स्वतंत्र पॅनेलसह नवी फर्नेस, एकाच पॅनेलवर दोन क्रूसिबल, म्हणजे एकाचं लायनिंग चालू असताना दुसरा वापरता येईल, आणि तीन महिने थांबून वर लिहिलेली सुधारणा. ‘आत्ता काही घेऊ नये’ हा पर्याय प्रत्येक टिपणीत प्रामाणिकपणे लिहा, त्याचा खर्चही लिहा. प्रत्येक पर्यायाखाली काय मिळतं, किती खर्च येतो, कधी चालू होतं आणि काय बिघडू शकतं एवढंच असावं.

खर्चात कोटेशनचा आकडा हा फक्त सुरुवातीचा असतो. फाउंडेशन, क्रेनची क्षमता, कूलिंग टॉवर, ट्रान्सफॉर्मर, केबल आणि महावितरणकडे करार मागणी वाढवण्याचा अर्ज हे सगळं त्यात धरा. डिमांड चार्ज केव्हीएवर दरमहा लागतो, फर्नेस किती चालली यावर तो पूर्णपणे अवलंबून नसतो. स्वतंत्र पॅनेल घेतलं आणि ते निम्माच वेळ चाललं तर हा बोजा प्रत्येक टनावर चढतो. नुसत्या वितळवण्याला इंडक्शन फर्नेसमध्ये टनाला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. तुमचा आकडा याच्या बराच वर असेल तर मेटल धरून ठेवण्यात किती जातं ते अकाउंट्सच्या साहेबांना वीजबिल आणि हीटच्या नोंदी शेजारी ठेवून काढायला सांगा. क्षमता वाढली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या उत्पादनाच्या आकड्याशी ती जुळते का, हीसुद्धा एक ओळ हवी.

शेवटी शिफारस, तीही नावानिशी. ‘मेल्टिंगप्रमुखांची शिफारस: एका पॅनेलवर दोन क्रूसिबल. कारण...’ असं. आणि त्याखाली मोल्डिंगप्रमुखांनी आकडे पाहिल्याची सही. सहीचा अर्थ सहमती असा नाही. ‘हे ४१ आणि २६ तास मला मान्य आहेत’ एवढाच अर्थ. मत वेगळं असेल तर तेही त्यांच्या नावाने दोन ओळींत लिहा. आकड्यांवरचं भांडण मीटिंगच्या आधी संपवायचं, मीटिंगमध्ये फक्त निवड करायची.

नाव लिहिण्यामागे अजून एक कारण आहे. टिपणी आणि अपेक्षित निर्णय आधी पाठवले की जुन्या माणसांना वाटतं, पोरांनी सगळं ठरवलंय, आता फक्त आमची मान हलवून घ्यायची आहे. घरच्या कंपनीत हा संशय एकदा बसला की पुढच्या प्रत्येक टिपणीला विरोध होतो, मग ती कितीही चांगली असो. म्हणून ‘अपेक्षित निर्णय’ लिहिताना उत्तर लिहू नका, फक्त प्रश्न लिहा: ‘तीन पर्यायांपैकी एक निवडणे’. ‘पर्याय दोनला मंजुरी देणे’ असं लिहिलंत तर काकांच्या जागी मीही रागावलो असतो.

पाठवायचं कसं? आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ सकाळच्या शुभेच्छा आणि डिस्पॅचच्या फोटोंखाली जाते. सात दिवस आधी अजेंडा आणि टिपण्या छापून प्रत्येकाच्या हातात द्या. ग्रुपवरही टाका, पण हातातला कागद वेगळा. बाबा-काकांना घरी न देता ऑफिसात द्या, म्हणजे ते कामाचे कागद म्हणून पाहिले जातात. मराठीत लिहा, आणि मेंटेनन्सच्या प्रमुखांसारख्या ज्यांना कागद वाचण्यापेक्षा बोलून समजतं त्यांच्याबरोबर वीस मिनिटं बसून टिपणी तोंडी सांगा. अशा माणसाकडे ट्रान्सफॉर्मरबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती असते आणि मीटिंगमध्ये ती तो सगळ्यांसमोर बोलेलच असं नाही.

‘कृपया वाचून यावे’ असं लिहिलं म्हणून कोणी वाचत नाही. त्याऐवजी टिपणीच्या शेवटी एक रिकामी चौकट ठेवा: ‘निर्णय घेण्याआधी मला हे कळायला हवं’. मीटिंगच्या तीन दिवस आधी ती चौकट भरून परत घ्यायची. ‘काही नाही’ असं लिहिलं तरी चालेल, पण कागद परत आला पाहिजे. समजा चुलतभावाने लिहिलं, ‘सध्याच्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षीचं शेड्यूल लेखी दिलंय का?’ तुमच्याकडे उत्तर शोधायला तीन दिवस आहेत. हाच प्रश्न मीटिंगमध्ये आला असता तर विषय तिथेच थांबला असता. ज्यांचा कागद परत येत नाही त्यांना फोन करा. तरी कोणी न वाचता आलंच, तर त्या विषयाची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी शांत बसून टिपणी वाचायची. वाचून आलेल्यांचा थोडा वेळ जातो, पण न वाचलेल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा कमी जातो.

मीटिंगच्या दिवशीचा क्रम साधा आहे. फर्नेस सकाळी दहाला, सगळ्यात आधी. मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचण्यात पहिला अर्धा तास घालवू नका, ते टिपण्यांसोबत गेलेलं असतं; राहिलेल्या कामांची यादी शेवटी घ्या. फर्नेसला नव्वद मिनिटं द्या. त्यातली साठ झाली की तुम्ही थांबवून मूळ प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि दोघा निर्णय घेणाऱ्यांना विचारायचं, ‘अजून काय कळलं तर ठरवता येईल?’ उत्तर टिपणीत असेल तर तिथेच दाखवा. नसेल तर ते लिहून घ्या, कोण आणणार आणि कोणत्या तारखेला हे लिहा आणि विषय बंद करा. अर्धवट बंद झालेल्या विषयासाठी पुढची तिमाही येईपर्यंत थांबू नका. माहिती आली की बाबा, काका आणि तुम्ही अर्धा तास बसून ठरवा. बाकी पाचजणांना त्यासाठी पुन्हा अडकवायचं कारण नाही.

दुसरा आणि तिसरा निर्णय जेवणाआधी आणि जेवणानंतर लगेच घ्या. मत घेण्याचे विषय तीननंतर. प्रत्येक निर्णय झाल्यावर वाक्य तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. वाचल्यावर कोणी ‘तसं नाही म्हटलं मी’ म्हणालं तर ते चांगलंच. संध्याकाळी गाडीत बसल्यावर म्हणण्यापेक्षा इथे म्हटलेलं बरं.

ऐनवेळचे विषय येणारच. ‘जाता जाता एक सांगतो’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीने तास जातो, आणि घरच्या माणसाने सुरू केली की कोणाला थांबवता येत नाही. अजेंड्याच्या शेवटी ‘ऐनवेळचे विषय, चार ते साडेचार’ असं छापून टाका. कोणी काही काढलं की तुम्ही ते त्या जागी लिहून घ्यायचं, म्हणजे अपमान होत नाही. एकच अपवाद: सुरक्षितता आणि गिऱ्हाइकाची लाइन बंद पडण्याची भीती. ती कधीही मध्ये येऊ द्या.

एक कायद्याची बाब वेगळी ठेवा. तुमची ही मीटिंग कामाची आहे, ती संचालक मंडळाची सभा नव्हे. फर्नेससाठी कर्ज घ्यायचं ठरलं तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७९ प्रमाणे कर्जाचा ठराव संचालक मंडळाच्या सभेत व्हावा लागतो, आणि कलम १७३ प्रमाणे त्या सभेची लेखी सूचना किमान सात दिवस आधी जावी लागते. दोन्ही एकाच दिवशी घ्यायच्या असतील तर सूचना आणि इतिवृत्त वेगळं ठेवा आणि तुमच्या सीएंना आधी दाखवा. मेल्टिंगप्रमुख त्या सभेत बसले तरी ते संचालक नाहीत हे कागदावर स्पष्ट असलं पाहिजे.

या सगळ्याने काय होत नाही तेही सांगतो. बाबा आणि काकांमध्ये पैशाचा किंवा वाटणीचा जुना प्रश्न असेल तर तो फर्नेसच्या नावाखाली येतच राहील आणि कोणतीही टिपणी त्याला थांबवणार नाही. त्याची खूण अशी की आकडे मान्य होतात, पर्याय मान्य होतात आणि तरी प्रत्येक वेळी नवं कारण निघतं. तसं दिसलं तर तो विषय खातेप्रमुखांसमोर घेऊ नका, दोघांनाच बसू द्या. तसंच रिजेक्शन का वाढलं यासारखे शोधण्याचे विषय या मीटिंगला ठेवू नका. तिथे निवडायला पर्यायच नसतात. ते सँड प्लांटजवळ, सदोष कास्टिंग समोर ठेवून, संबंधित चारजणांनी करायचं काम आहे.

येत्या मीटिंगला सगळे विषय या पद्धतीत आणायचा प्रयत्न करू नका. फक्त फर्नेसची टिपणी करा, बाकीच्या विषयांना प्रश्नाची एकेक ओळ आणि वेळ लिहा. लॉगबुकातले ते दोन रकाने मात्र उद्याच्या पहिल्या शिफ्टपासून सुरू करा, कारण मीटिंगची तारीख त्यांच्यावर ठरणार आहे.